एसी नाही, वर तापलेला स्लॅब आणि हातात गेमिंग लॅपटॉप

प्रश्न: दादा, कोपरखैरणेला रो-हाउसच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. एसी नाही, घरमालक बसवू देत नाही. लॅपटॉप रायझन ७ ५८००एच आणि आरटीएक्स ३०६० वाला आहे, स्क्रीन १४४ हर्ट्झची. थंडीत मस्त चालायचा. आता १५-२० मिनिटं झाली की गेम अडखळायला लागतो. मे महिन्यात खेळता येईल का, की पाऊस पडेपर्यंत बंदच ठेवू? लॅपटॉप खराब तर नाही ना होणार?

उत्तर:

खेळता येईल. खोली ३६-३७ अंशांपर्यंत असेल तर नीट खेळता येईल, पण थंडीत ज्या सेटिंगवर खेळायचास त्या सेटिंगवर नाही. थोडी ताकद कमी करावी लागेल. ती तू स्वतः कमी केलीस तर गेम गुळगुळीत चालेल, लॅपटॉपवर सोडलीस तर तो त्याच्या पद्धतीने कमी करेल आणि तुला तेच अडखळणं दिसत राहील. ठाण्यात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, आणि एप्रिल उजाडला की अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पोरांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच मशिनना काहीही झालेलं नसतं.

आधी उन्हाळा नक्की काय करतो ते बघ. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो आणि तीच तांब्याच्या पाइपांनी तापवलेल्या बारीक पत्र्यांमधून बाहेर फेकतो. म्हणजे चिप किती तापणार हे दोन गोष्टींची बेरीज आहे: खोलीचं तापमान, आणि त्याच्यावर चिपची स्वतःची चढण. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, गेम तोच आहे, वीज तेवढीच खाल्ली जातेय, तर ही चढण जवळपास तेवढीच राहते. खोली १० अंशांनी तापली की चिपसुद्धा साधारण १० अंशांनीच वर जाते. यात काही जादू नाही आणि कुठल्याही कंपनीचा लॅपटॉप यातून सुटत नाही.

तुझ्याच जोडीच्या, म्हणजे ५८००एच आणि ३०६० असलेल्या एका लॅपटॉपचं उदाहरण घेतो. जानेवारीच्या रात्री खोली २५ अंश. मोठा ओपन-वर्ल्ड गेम, सेटिंग सगळी वर, लॅपटॉप परफॉर्मन्स मोडवर. प्रोसेसर ४५ वॅटच्या आसपास खातोय आणि ८४ अंशांवर आहे, ग्राफिक्स १०० वॅट खातंय आणि ७६ वर आहे. म्हणजे प्रोसेसरची चढण ५९, ग्राफिक्सची ५१. आता तीच चढण मे महिन्यातल्या ३६ अंशांच्या खोलीवर ठेव: प्रोसेसर ९५, ग्राफिक्स ८७. एएमडीने या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०५ दिलेली आहे, पण लॅपटॉप बनवणारे बहुतेक जण त्याच्या आधीच, ९५ ते १०० च्या दरम्यान, लगाम ओढायला सांगतात. आणि ३०६० चं लॅपटॉपमधलं रूप ८७ च्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतं. थंडीत दोघांनाही दहा-बारा अंशांची मोकळीक होती, उन्हाळ्याने तेवढीच खाल्ली. तुझा गेम थंडीत मस्त चालायचा आणि आता नाही, त्याचं कारण एवढंच असू शकतं.

आता अडखळण्याकडे येतो, कारण तुझी खरी तक्रार तीच आहे. सरासरी फ्रेम ९५ वरून ८० वर आली तर चालू खेळात तुझ्या लक्षातही येणार नाही. त्रास होतो तो वेग एकसारखा राहत नाही म्हणून. चिपने मर्यादा गाठली की ती क्षणात वेग खाली आणते. वेग खाली आला की ती थोडी थंड होते. थंड झाली की तिला वाटतं जागा आहे, परत बूस्ट मारते म्हणजे वेग वर नेते, परत मर्यादा गाठते. हे काही सेकंदांच्या अंतराने चालू राहतं. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांचे तांब्याचे पाइप बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये सामायिक असतात. एकाने बूस्ट मारला की त्याची उष्णता दुसऱ्याच्या पाइपात जाते आणि दुसरा मर्यादेला टेकतो. ६० फ्रेमच्या वेगात प्रत्येक चित्राला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. मध्येच एखाद्याला ५० लागले की तुझा हात थबकतो, मग सरासरी काहीही असो.

आणि हे पहिल्या मिनिटाला का होत नाही? कारण पाइप, पत्रे, खालची चकती, कीबोर्डखालची पट्टी हे सगळं तापायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटांत ते सगळं भरतं. खोली तर त्याहून सावकाश तापते. म्हणून यूट्यूबवर एसीत बसून काढलेला पाच मिनिटांचा बेंचमार्क तुझ्या कामाचा नाही. चाचणी घ्यायची तर अर्धा तास घ्यायची, आणि शेवटच्या दहा मिनिटांचे आकडे बघायचे.

ही चाचणी तू आजच रात्री घे. HWiNFO64 फुकट मिळतं, ते उघडून Sensors Only निवड. त्यात चार ओळी तुझ्या कामाच्या: CPU (Tctl/Tdie), CPU Package Power, GPU Temperature आणि GPU Power. ग्राफिक्सच्या भागात Performance Limit - Thermal अशीही एक ओळ असते. ती Yes दाखवत असेल तर उष्णतेमुळे वेग कापला जातोय हे नक्की. नुसतं ग्राफिक्स बघायचं असेल तर एनव्हीडियाची स्वतःची कमांड आहे, ती दर पाच सेकंदांनी तापमान, वॅट आणि वेग छापते:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,power.draw,clocks.gr --format=csv -l 5
```

गेम विंडो मोडमध्ये चालव किंवा गेममधून बाहेर आल्यावर मागच्या नोंदी बघ. तापमान ८६-८७ ला चिकटलंय आणि त्याच वेळी वॅट आणि मेगाहर्ट्झ खाली घसरत चाललेत, असं दिसलं तर आजार कळला. तापमान ७५ आहे आणि तरी अडखळतंय, तर उष्णतेच्या मागे लागू नकोस. रॅम भरत असेल, ड्रायव्हर असेल, नेट असेल.

पण एक वस्तू याच्या जोडीला हवीच, ती म्हणजे खोलीचा थर्मामीटर. ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत डिजिटल मिळतो. तो भिंतीवर लावू नकोस, लॅपटॉपच्या पुढच्या बाजूला, टेबलावर, जिथली हवा आत ओढली जाते तिथे ठेव. मोबाइलवरचं हवामान सांगतं बाहेर ३२ आहे. तुझ्या टेबलावर ३७ असू शकतं, आणि लॅपटॉपला टेबलावरचंच कळतं.

हा आकडा हातात आला की उन्हाळ्याचा दोष आणि मशिनचा दोष वेगळा करता येतो. चिपच्या तापमानातून टेबलावरचं तापमान वजा कर, आलेला आकडा लिहून ठेव. तोच गेम, तीच सेटिंग, तोच मोड ठेवून ही वजाबाकी वर्षभर साधारण सारखीच यायला हवी. थंडीतली नोंद तुझ्याकडे नसेल, तर पहाटे पाच-साडेपाचला, खोली सगळ्यात थंड असते तेव्हा एकदा मोज आणि रात्री नऊला एकदा मोज. दोन्ही वेळी वजाबाकी सारखी आली आणि मुळात मोठी नसेल, तर मशिन ठीक आहे, खोली तापलीये. वजाबाकीच मोठी असेल, समजा माझ्या उदाहरणात ५१ ऐवजी ६० च्या वर, तर आत धूळ आहे किंवा चिप आणि तांब्याच्या मधली उष्णता पुढे नेणारी पेस्ट सुकली आहे. पेस्टची आणखी एक खूण म्हणजे GPU Hot Spot Temperature, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या सगळ्यात गरम जागेचा आकडा. साध्या ग्राफिक्स तापमानापेक्षा तो दहा-पंधरा अंशांनी जास्त असणं चालतं, वीसच्या वर गेला की पेस्ट एका बाजूने सरकलेली असण्याची शक्यता मोठी.

धुळीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्या भागात ती फार आहे. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, नवी मुंबईत कुठे ना कुठे पाडकाम, आणि कपाटातल्या कपड्यांचे तंतू आहेतच. पंख्याच्या बाहेरच्या तोंडाशी, जिथे पत्रे सुरू होतात, तिथे ही धूळ आणि तंतू मिळून नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून टॉर्च मारून बघितलंस तर पत्रे स्वच्छ दिसतात, कारण थर आतल्या बाजूला असतो. म्हणून बाहेरून ब्लोअर मारून उपयोग होत नाही. उलट तो थर सुटून पात्यांत अडकतो. खालची पाठ उघडून, पंखा काढून तो थर चिमट्याने अख्खा उचलावा लागतो. उघडलंस आणि हवा मारणार असशील तर पातं बोटाने धरून ठेव. हवेच्या झोताने पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग जातं. आणि वॉरंटी असेल तर आधी तिच्या अटी वाच.

पेस्ट बदलायला दुकानात देणार असशील तर आधी तुझ्या मॉडेलमध्ये प्रोसेसरवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल आहे का ते शोध. काही गेमिंग मॉडेलमध्ये कारखान्यातूनच ते लावलेलं असतं. ते चांदीसारखं चमकदार, पातळ असतं आणि विजेचं वाहक असतं. एक थेंब बोर्डावर सांडला तर मदरबोर्ड संपला. ज्याला ते काय आहे माहीत नाही त्याच्याकडे असं मशिन उघडायला देऊ नकोस. साधी पेस्ट असेल तर मी आजकाल पेस्टऐवजी पीटीएम ७९५० हा पातळ पापुद्रा लावतो. तो तापला की मऊ होऊन पसरतो आणि रोजच्या तापण्या-निवण्यात साध्या पेस्टसारखा बाजूला सरकत नाही. अस्सल मिळणं मात्र कठीण आहे, स्वस्तात मिळाला तर शंका घे.

समजू या वजाबाकी ठीक आली, मशिन निरोगी आहे. मग करायचं काय?

पहिली गोष्ट फुकट आहे. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचल. पाण्याच्या बाटलीची दोन-तीन झाकणं एकमेकांवर ठेवून मागच्या रबराखाली लावलीस तरी चालतं. हवा खालून आत जाते, आणि टेबल व लॅपटॉपची पाठ यांच्यात कारखान्याने ठेवलेली फट फार कमी असते. एवढ्यानेच दोन ते चार अंश उतरतात असा माझा अनुभव आहे. दुसरं, मागचं आणि बाजूचं तोंड भिंतीपासून निदान एक वीत लांब ठेव. भिंतीला चिकटवलेल्या लॅपटॉपची ६० अंशांची हवा भिंतीवर आपटून खालून परत आत जाते. मग खोली ३६ असली तरी लॅपटॉपसाठी ती ४२ असते, आणि हे तुला थर्मामीटर पुढे ठेवलास तर कळतं, मागे ठेवलास तर नाही. गादीवर, उशीवर, मांडीवर खेळण्याबद्दल काही लिहीत नाही, तू टेबल वापरत असशील असं धरून चालतो.

कूलिंग पॅड घ्यायचा का, हे सगळे विचारतात. उघड्या जाळीचे, निळे दिवे लावलेले, तीन-चार छोटे पंखे असलेले पॅड झाकणांपेक्षा फारसं जास्त काही देत नाहीत. त्यांचा अर्धा फायदा लॅपटॉप उचलला जातो हाच असतो. दुसरा प्रकार आहे ज्यात कडेने फोम असतो, लॅपटॉप त्यावर घट्ट बसतो आणि एक मोठा ब्लोअर दाबाने हवा आत ढकलतो. त्याने खरंच फरक पडतो, कधी कधी आठ-दहा अंश. पण त्याचा आवाज मिक्सरची आठवण करून देतो आणि तो धूळही तितक्याच जोमाने आत ढकलतो, त्यामुळे जाळी असलेलाच घ्यायचा आणि ती धुवायची. वरच्या खोलीत मे महिना काढायचा असेल आणि पैसे खर्च करायचेच असतील तर मी यावर करेन.

टेबल फॅनचं म्हणशील तर तो लॅपटॉपच्या मागच्या तोंडावर समोरून मारू नकोस. बाहेर पडणाऱ्या गरम हवेला तो अडवतो. तो बाजूला, पुढच्या अंगाला ठेव, म्हणजे टेबलावरून वाहणारी हवा गरम हवेला घेऊन पुढे जाईल. छताच्या पंख्याबद्दल एक गैरसमज असतो. पंखा हवा थंड करत नाही, तुझा घाम उडवतो म्हणून तुला बरं वाटतं. लॅपटॉपला घाम येत नाही. वरच्या मजल्यावर तर तो स्लॅबखाली साचलेली तापलेली हवा खाली आणतो. तो बंद करायला मी सांगत नाही, तूच उकडून मरशील. फक्त त्याने मशिन थंड होतंय असं समजू नकोस.

याचीच दुसरी बाजू म्हणजे दमटपणा. आपल्याकडे ३४ अंशांत जे घामाघूम होतं, ते दमट हवेमुळे. लॅपटॉपला त्या दमटपणाचा थंड होण्यात जवळपास काहीच फरक पडत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. त्यामुळे नागपूरच्या ४४ अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा तुझी ३६ ची चिकट खोली त्याच्यासाठी आठ अंशांनी सुखाची आहे, तुझ्यासाठी कदाचित नाही. पाण्याचा कूलर मात्र इथे आणू नकोस. आधीच दमट असलेल्या हवेत तो फारसा गारवा देत नाही, खिडक्या बंद असतील तर थोड्या वेळात देईनासाच होतो, आणि ती ओलसर हवा लॅपटॉप दिवसरात्र ओढत राहतो. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठची मशिन उघडली की स्क्रूंवर, पोर्टच्या पत्र्यांवर गंजाची सुरुवात अशीही दिसते, त्यात भर कशाला.

आता मुख्य उपाय. हवेने पाच-दहा अंश मिळतील, खरी मोकळीक मिळते ती वॅट कमी करून.

गेममध्ये प्रोसेसरचा बूस्ट बहुतेक वेळा वाया जातो. ५८००एच चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ आहे, बूस्टमध्ये तो ४.४ पर्यंत जातो. शेवटचा हा टप्पा गाठायला तो वीज अवाच्या सवा खातो, आणि तुझ्या ग्राफिक्सला ७०-८० फ्रेम काढायला ३.२ वर चालणारे आठ कोर बहुतेक गेममध्ये पुरतात. बूस्ट बंद करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून हे दे:

```
powercfg /setacvalueindex scheme_current sub_processor PERFBOOSTMODE 0
powercfg /setactive scheme_current
```

परत चालू करायचा असेल तेव्हा 0 च्या जागी 2 टाकून त्याच दोन ओळी. लॅपटॉपच्या स्वतःच्या ॲपमधून मोड बदललास तर विंडोजचा पॉवर प्लॅनही कधी कधी बदलतो आणि हे पुसलं जातं, म्हणून मोड आधी ठरव, कमांड नंतर दे. दुसऱ्या कोणी हे वाचत असेल तर एक सावधगिरी: इंटेलच्या बऱ्याच एच मालिकेच्या चिपचा मूळ वेग फार खाली असतो, उदाहरणार्थ आय५-१२४५०एच चा २ गिगाहर्ट्झ. तिथे बूस्ट पूर्ण बंद केला तर गेमच आजारी पडतो. त्यांनी बूस्ट बंद न करता लॅपटॉपच्या ॲपमध्ये बॅलन्स्ड मोड घ्यावा किंवा प्रोसेसरची वॅट-मर्यादा असेल तर ती ३५ च्या आसपास आणावी.

दुसरं, फ्रेमना टोपी घाल. NVIDIA Control Panel मध्ये Manage 3D settings, त्यात Max Frame Rate. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ७२ ठेव. बरोबर निम्मं असल्याने प्रत्येक चित्र दोन फेऱ्या दिसतं आणि ८०-९० च्या हेलकाव्यापेक्षा ते डोळ्याला शांत वाटतं. टोपी नसली तर ग्राफिक्स चिप जमेल तेवढं पळत राहते. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये तर मजा अशी की ग्राफिक्स आरामात असतं आणि अडीचशे फ्रेम काढण्याच्या नादात प्रोसेसर तापतो. तिथे ७२ नको वाटत असेल तर १४४ ची टोपी घाल, पण घाल.

आता मघाच्याच मशिनवर हिशेब कर. खोली तीच ३६ ची. बूस्ट बंद केल्यावर प्रोसेसर ४५ वरून २० वॅटच्या आसपास आला. ७२ ची टोपी आणि सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली घेतल्यावर ग्राफिक्स १०० वरून ७५ वर. एकूण १४५ चे झाले ९५. चढण वॅटच्या प्रमाणात उतरते, त्यात पाइप सामायिक असल्याने एकाचं वाचलेलं दुसऱ्याच्याही कामी येतं. अर्ध्या तासाने प्रोसेसर ७५ च्या आत आणि ग्राफिक्स ७५-७६ वर थांबतं. मर्यादा ८७, म्हणजे दहा अंशांची मोकळीक परत आली, थंडीत होती जवळपास तेवढीच. खोली ३८ झाली तरी काही बिघडत नाही. गेलं काय, तर ९५ फ्रेमच्या जागी ७२. आलं काय, तर ते ७२ तासाभराने पण ७२ च असतात. पंख्याचा आवाजही उतरतो, आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर तेही काही कमी नाही.

ग्राफिक्सचं अंडरव्होल्टिंग, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं, हेही करता येतं, MSI Afterburner मध्ये Ctrl+F दाबून व्होल्टेज आणि वेगाचा वक्र सपाट करायचा. ३०६० ला चांगलं मानवतं. पण प्रत्येक चिपला झेपणारा आकडा वेगळा असतो, चुकला की गेम बंद पडतो, आणि वरच्या दोन गोष्टींनी भागत असेल तर मी पोरांना यात घालत नाही.

आता खोली. वरच्या मजल्याचा घोळ असा की खोली सगळ्यात गरम असते ती दुपारी दोनला नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते काही तास उशिराने आत सोडतो. बाहेर सात वाजता वारा सुटलेला असतो, आणि तुझ्या खोलीत सात ते दहाच्या दरम्यान भट्टी लागते. नेमकी तुझी खेळायची वेळ. म्हणून दुपारी बाहेर आतल्यापेक्षा गरम आहे तोवर खिडकी आणि पडदा लावून ठेव, आणि संध्याकाळी बाहेर आतल्यापेक्षा थंड झालं की सगळं उघड. कधी उघडायचं ते त्याच थर्मामीटरने ठरव, एकदा खिडकीबाहेर धर, एकदा आत. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा उशिरा येतो. त्या दिवशी खाडीजवळसुद्धा अंगार असतो, तेव्हा मोठा गेम रात्री अकरानंतर लाव किंवा सोडून दे.

आणि खेळताना दार-खिडकी बंद ठेवू नकोस. भिंतीतल्या प्लगमधून लॅपटॉप जेवढी वीज खातो ती सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येते. तुझ्या मशिनचे पूर्ण जोरात दीड-पावणेदोनशे वॅट धर. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट सोडतो. म्हणजे तू खेळायला बसलास की खोलीत जवळपास दोन माणसं जास्त येऊन बसतात. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तासाभरात दोन-तीन अंश सहज चढतात, आणि ते थेट चिपवर जातात. लॅपटॉपचं मागचं तोंड उघड्या खिडकीकडे कर, फूट-दीड फूट अंतरावर, आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट असेल तर तो लावून मधलं दार उघडं ठेव. मात्र पश्चिमेची खिडकी असेल तर साडेपाचचं तिरकं ऊन कीबोर्डवर पडत नाही ना ते बघ. काळं झाकण उन्हात ठेवलंस तर वरचं सगळं पाण्यात.

मर्यादाही सांगतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात लॅपटॉप चालवायच्या खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. ३६ ला तो जळतो असं नाही, पण पूर्ण ताकदीचं आश्वासन तिथे संपतं. टेबलावर ४० दिसत असेल, वर सिमेंटऐवजी पत्रा असेल, तर जड गेम खेळू नकोस, कमी वॅटवरचे हलके चालतील. आणि ज्याचा लॅपटॉप थंडीतच, स्वच्छ असताना, ९५ आणि ८६ वर जात होता, अशा पातळ मशिनला उन्हाळ्यात मोकळीक मुळातच नाही. तिथे ६० ची टोपी आणि सायलेंट मोड, एवढंच हातात उरतं.

खराब होण्याचं विचारलंस. चिप जळण्याची भीती सोडून दे, ती स्वतःला वाचवते, तुझं अडखळणं हाच तो बचाव आहे. उन्हाळ्यात खरी झिजते ती बॅटरी. ती कीबोर्डच्या खालच्या अर्ध्यात, तुझ्या मनगटांखाली असते आणि चिपसारखी स्वतःचं काम कमी करून ती थंड होऊ शकत नाही. लिथियमच्या बॅटरीला गरम असणं आणि पूर्ण भरलेली असणं या दोन्ही गोष्टी एकत्र सोसत नाहीत, आणि चार्जर लावून खेळताना नेमकं तेच घडतं. बहुतेक लॅपटॉपच्या ॲपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती मे संपेपर्यंत लावून ठेव. चार्जरचा ठोकळाही चादरीखाली किंवा गादीच्या फटीत ठेवू नकोस, त्याला उघड्या लादीवर टाक.

दर आठवड्याला एकदा लॅपटॉप सपाट लादीवर ठेवून चारही कोपरे टेकतात का ते बघ. डोलत असेल, टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल किंवा त्याचं क्लिक अचानक कडक झालं असेल, तर बॅटरी फुगायला लागली आहे. मग चार्जर काढ, मशिन बंद कर, स्वतः टोचायला-दाबायला जाऊ नकोस आणि बॅटरी बदलूनच परत चालू कर. साधारण गेमिंग लॅपटॉपची बॅटरी पाठीचे स्क्रू काढून अर्ध्या तासात बदलून होते, नवी मागवताना पाठीवरचा मॉडेल नंबर आणि जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर दोन्ही दे.